वर्गातलाच मुलगा आता मुख्याध्यापक आहे, मेलमध्ये 'तू' लिहू की 'महोदय'?

"ताई, मी चोपडा तालुक्यातली, लग्न होऊन सुरतला आले त्याला बरीच वर्षं झाली. माझा शाळा सोडल्याचा दाखला हरवलाय आणि आता नोकरीच्या कागदपत्रांसाठी हवाय. मिस्टर म्हणाले इंग्रजीला वजन असतं म्हणून शाळेला इंग्रजीत मेल टाकला, पण उत्तरच नाही. आता मराठीत लिहायचाय तर अडचण ही की आत्ताचा मुख्याध्यापक माझ्याच वर्गात होता, आम्ही अरेतुरेत बोलतो. 'महोदय' लिहिलं तर त्याला वाटेल टोमणा मारतेय, 'तू' लिहिलं तर ऑफिसातले काय म्हणतील. त्यात आमच्या घरात अहिराणी, इथे गुजराती, मला ते जड जड मराठी शब्द येत नाहीत, आदर कमी पडेल अशी भीती वाटते. आणि शाळेने नाहीच ऐकलं तर पंचायत समितीला कसं लिहायचं?"
— एक वाचक, सुरत

ताई, तुम्ही धरून चाललाय की मेल वर्गमित्राला जाणार. पण तो त्याला जाणारच नाहीये. शाळेचा मेल आयडी शाळेच्या ऑफिसचा असतो आणि बहुतेक शाळांमध्ये तो क्लार्क उघडतात, त्यात शिक्षण खात्याचे आलेले ढीगभर मेल असतात, त्यातून कामाचं काय ते बघून प्रिंट काढली जाते, आवक नोंदवहीत नंबर पडतो आणि मग तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो. ते त्यावर शेरा मारतात, सही करतात, कागद परत क्लार्ककडे येतो, मग जनरल रजिस्टर काढून तुमची नोंद शोधायची, दाखला लिहायचा, आणि दाखला दिला की तुमचा अर्ज फाइलला लागतो. ती फाइल पुढे कधीतरी तपासणीला कुणी उघडली तर त्याला कळलं पाहिजे की हा दुय्यम दाखला कुणी मागितला, का मागितला आणि कशाच्या आधारावर दिला. तेव्हा त्या खुर्चीत तुमचा वर्गमित्र असेलच असं नाही, रिटायर झालेला असेल नाहीतर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेलेला असेल.

म्हणून मेल माणसाला नाही, पदाला लिहायचा. 'मा. मुख्याध्यापक' आणि खाली 'महोदय'. हे वाचून तुमच्या मित्राला टोमणा वाटणार नाही, उलट बरं वाटेल, कारण 'अरे, तुला तर माहितीच आहे मी कोण' असा मेल आला तर तो बिचारा फाइलला काय लावणार? त्याला ओळखीवर दाखला देता येत नाही, अर्जावर देता येतो, आणि तुम्ही नीट अर्ज दिला तर त्याचंच काम सोपं होतं. अरेतुरे फोनवर ठेवा ना, ते तोडायची काही गरज नाही. फोन करून सांगा की ऑफिसच्या मेलवर अर्ज टाकलाय, जरा बघशील. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करा, त्यात काही वावगं नाही, आपल्याकडे सगळे असंच करतात. फक्त फोनवरचं बोलणं मेलमध्ये आणू नका, 'काल बोलल्याप्रमाणे' असं काहीच नको, कारण काल काय बोलणं झालं ते क्लार्कना माहीत नाही. आणि तो तुम्हाला ओळखत असला तरी सगळी माहिती नव्याने लिहा, नाव, वर्ष, इयत्ता, सगळं.

आता इंग्रजीचं. मिस्टरांचं म्हणणं सुरतच्या कंपनीत खरं असेल, पण चोपडा तालुक्यातल्या शाळेत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, राज्याचा कारभार मराठीत चालतो, म्हणजे मराठीत मेल लिहिला म्हणून कुणी तो कमी धरू शकत नाही. आणि त्याहून व्यवहाराची गोष्ट सांगते. तुमच्या अर्जावर ऑफिसमध्ये जे काही लिहिलं जाईल, शेरा म्हणा टिपणी म्हणा, ते मराठीतच लिहिलं जाईल. तुमचं वाक्य नेमकं असेल तर तेच वाक्य उचलून टिपणीत जातं. इंग्रजी मेल आला की आधी त्याचा अर्थ लावा, मग मराठीत मांडा, आणि हे करायला वेळ नाही म्हणून तो मेल उद्यावर जातो, उद्याचा परवावर. तुमचं इंग्रजी वाईट होतं असं मी म्हणत नाहीये, तो मेल तिथल्या कामाच्या भाषेत नव्हता एवढंच.

मग आदर कुठे असतो? तुम्हाला वाटतंय तो जड शब्दांत असतो, म्हणून तुम्ही घाबरताय. मराठीत आदर मुख्यतः तीन ठिकाणी दिसतो, कुणाला कसं संबोधलं तिथे, क्रियापदाच्या शेवटाला, आणि माणसाला लावलेल्या प्रत्ययात. हे तिन्ही बरोबर असलं की साध्या शब्दांतला मेलसुद्धा पूर्ण आदराचा होतो, आणि हे तिन्ही चुकलं तर वर 'परमआदरणीय' लिहून काही उपयोग नाही.

संबोधनापासून सुरुवात करू. 'प्रति,' लिहायचं, खालच्या ओळीत 'मा. मुख्याध्यापक,' मग शाळेचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. एक 'मा.' पुरे. आपल्याकडे 'मा. मुख्याध्यापक साहेब सो. यांचे सेवेशी' असं लिहिलेले अर्ज मी खूप बघितलेत, त्यातला 'सो.' म्हणजे पण साहेबच, म्हणजे एकाच ओळीत साहेब दोनदा आणि वर माननीय. कुणी रागावत नाही त्याला, पण गरज काहीच नाही. 'प्रति' लिहिलं की पुढे 'यांना', 'यांस', 'यांसी' यातलं काही लागत नाही, कारण 'प्रति'मध्येच ते आलं. साहेबांचं नाव माहीत असलं तरी लिहायची सक्ती नाही. लिहायचंच असेल तर 'मा. श्री.' किंवा 'मा. श्रीमती' लावून नाव आणि खाली पद. बाईंना 'सौ.' लावू नका, त्यांचं लग्न झालंय की नाही याच्याशी तुमच्या दाखल्याचा संबंध नाही, 'श्रीमती' सगळ्यांना चालतं आणि सरकारी पत्रात तेच असतं. काही घरांमध्ये 'श्रीमती' म्हणजे विधवा असं समजतात म्हणून लिहिणारा कचरतो, पण ऑफिसच्या भाषेत तसा अर्थ नाही, बिनधास्त लिहा.

समजा मुख्याध्यापक बाई असत्या तर? 'मा. मुख्याध्यापिका' लिहा नाहीतर पद म्हणून 'मा. मुख्याध्यापक' ठेवा, दोन्ही चालतं, पण खाली 'महोदया' हवं. गटशिक्षणाधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही पदं बाईंसाठी पण तीच राहतात, तिथे फक्त महोदय की महोदया एवढाच फरक. आणि खुर्चीत कोण आहे तेच माहीत नसेल तर 'महोदय/महोदया' असं तिरकी रेघ मारून लिहायचं, ते पूर्ण मान्य आहे. मुख्याध्यापक प्रभारी असले तरी 'प्रभारी' शब्द तुम्ही लिहू नका, पद तेच आहे. 'सर' आणि 'मॅडम' बोलायला छान आहेत, शाळेत तर त्याशिवाय तोंड उघडत नाही आपलं, पण लेखी अर्जात महोदय, महोदया बरं. आणि घरच्या पत्रातलं स. न. वि. वि. किंवा साष्टांग नमस्कार इथे आणायचा नाही, ते नात्याचं आहे.

दुसरं क्रियापद. इथे आपण खान्देशवाले हमखास अडकतो, अहिराणी बोलणारेच नाही, जळगाव-धुळ्याकडे मराठी बोलणारे सुद्धा. आपण बोलताना म्हणतो 'तुम्ही कुठे राहतात', 'तुम्ही दाखला कधी देतात'. आपल्या कानाला ते आदराचं लागतं, आणि बोलण्यात ते आहेच आदराचं, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण लेखी मराठीत 'तुम्ही'बरोबर 'देता', 'राहता', 'करता' येतं, आणि 'देतात' हे 'ते' साठी असतं. 'आपण'चं पण तसंच, 'आपण दाखला कधी देता', 'आपण कळवले होते'. आता लिहिताना दर वाक्याला हा विचार करत बसायचं म्हटलं तर डोकं फिरेल, म्हणून एक सोपी वाट सांगते. विनंतीचं वाक्य 'आवे'च्या रूपात लिहा, म्हणजे 'कळवावे', 'द्यावा', 'मिळावी'. तिथे 'देता की देतात' हा प्रश्नच येत नाही.

फक्त एक बघायचं, ते रूप ज्या वस्तूबद्दल आहे तिच्याप्रमाणे बदलतं. दाखला द्यावा, प्रत द्यावी, प्रमाणपत्र द्यावे, कागदपत्रे द्यावीत. 'दाखला द्यावे' असं लिहिलं जातं घाईत, ते खटकतं. आणि वाक्याच्या शेवटी 'ही विनंती' लावलं की झालं.

'कृपया दाखला द्या' यात चूक नाही, पण ती नम्र केलेली आज्ञाच आहे, दुकानात चालते. 'दाखला देण्यात यावा' हे खूप जणांना सगळ्यात आदराचं वाटतं कारण सरकारी वाटतं, पण ते वळण सरकारी आदेशात भरपूर येतं, वरचा अधिकारी खालच्याला लिहितो त्यात. अर्जात लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही, पण मागणाऱ्याच्या तोंडी सगळ्यात शोभतं ते 'मिळावा'. दाखला मिळावा, ही विनंती. यात देणारा कोण हे म्हणायची पण गरज पडत नाही, म्हणजे तुम्हाला जे वर्गमित्राला 'आपण' म्हणताना अवघडल्यासारखं होतंय ना, ते पण निम्मं मिटतं. सगळा मेल एकदाही 'आपण' न म्हणता लिहून होतो, 'आपल्या शाळेत' एवढंच राहतं, आणि ती शाळा तुमची पण आहेच की.

याच ओघात विषयाची ओळ. 'दाखला मिळणेबाबत' की 'मिळण्याबाबत'? ऑफिसात 'मिळणेबाबत', 'करणेसाठी', 'यांचे कार्यालयात' हे जुनं वळण अजून खूप आहे, त्यामुळे लोकांना वाटतं तेच फॉर्मल. पण साहित्य महामंडळाच्या आणि शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे 'मिळण्याबाबत', 'करण्यासाठी' हेच बरोबर, तुम्ही बोलता पण तसंच. म्हणजे बघा, इथे तुमचं साधं बोलणंच नियमात बसतंय आणि जड वाटणारं रूप बसत नाहीये.

तिसरं प्रत्यय. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना 'ने' नाही, 'नी'. 'साहेबांनी सांगितले', 'मॅडमनी फोन घेतला', 'लिपिकांनी कळवले'. 'क्लार्कने सांगितले उद्या या' असं तुम्ही मेलमध्ये लिहिलं आणि मेल उघडणारे तेच क्लार्क असले तर? ते मनाला लावून घेतील की नाही माहीत नाही, पण एका अनुस्वाराचा आणि वेलांटीचा प्रश्न आहे, जपावं. त्याचबरोबर 'मुख्याध्यापक आले नव्हते', 'मॅडम रजेवर होत्या' असं अनेकवचन. आणि हाच मान स्वतःला द्यायचा नाही, स्वतःच्या नावामागे 'श्री.' किंवा 'श्रीमती' लावून अर्ज करणारे बरेच असतात, ते काढून टाका.

आता प्रत्यक्ष मेल कसा दिसेल ते लिहून देते. वर्षं आणि इयत्ता मी अंदाजाने घातल्यात, तुम्ही तुमच्या घाला. विषयाच्या चौकटीत हे:

शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळण्याबाबत (माजी विद्यार्थिनी, इ. १० वी, मार्च २००६)

आणि आत हे:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे पूर्ण नाव), (गाव),
ता. चोपडा, जि. जळगाव.

विषय : शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे. शाळेच्या नोंदीत माझे नाव (आडनाव, नाव, वडिलांचे नाव) असे असून जन्मतारीख (…) आहे. जून २००० ते मार्च २००६ या काळात मी इयत्ता ५ वी ते १० वी आपल्या शाळेत शिकले. शाळा सोडल्याचा माझा मूळ दाखला गहाळ झाला आहे. नोकरीच्या ठिकाणी सादर करण्यासाठी मला त्याची आवश्यकता आहे.

तरी दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी, ही विनंती. त्यासाठी आणखी काही कागदपत्रे किंवा शुल्क लागत असल्यास कृपया कळवावे. मी सध्या सुरत येथे राहते. दाखला घेण्यासाठी कोणत्या दिवशी यावे, तेही कळवावे.

आपली विश्वासू,
(शाळेतील नाव)
(लग्नानंतरचे नाव)
(पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत : १) सही केलेला अर्ज २) दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत ३) आधार कार्डाची प्रत ४) नावातील बदलाचा पुरावा

एवढंच. बघा यात एकही शब्द असा नाही जो तुम्हाला कळणार नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की' हे वाक्य मी मुद्दाम घातलेलं नाही. ते चुकीचं नाही, पण लिहिणाऱ्याची ताकद तिथेच संपते आणि मग वर्ष आणि इयत्ता लिहायची राहून जाते, आणि क्लार्कना रजिस्टर शोधायला तेच लागतं. तुमचं वर्ष आणि शाळेतलं नाव नसेल तर त्यांनी किती रजिस्टर उलटायची? माझ्या मते समोरच्याचा वेळ वाचवणं हा पण आदरच आहे, आणि तो 'माननीय'पेक्षा जास्त पोचतो.

नावाचं नीट लक्षात घ्या, लग्न झालेल्या बाया इथेच फसतात. रजिस्टरला तुमचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं असेल. मेलमध्ये नुसतं सासरचं नाव लिहिलं तर शाळेत त्या नावाची मुलगी कधी शिकलीच नाही असं उत्तर येऊ शकतं. म्हणून दोन्ही नावं, आधी शाळेतलं, आणि सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेटची प्रत. आणि दुय्यम दाखला माहेरच्या नावानेच निघेल, त्यात सासरचं नाव मागू नका, जनरल रजिस्टरमधल्या नोंदीत मुख्याध्यापक मनाने बदल करू शकत नाहीत, त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागते. बऱ्याच शाळा मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र पण मागतात, ते सुरतहून येण्याआधी विचारून घ्या, नाहीतर एक खेप फुकट जाते.

'सही केलेला अर्ज' मी वर लिहिलंय ते विसरू नका. मेलवर सही नसते, म्हणून काही ऑफिसं नुसता मेल अर्ज म्हणून धरत नाहीत. हाच मजकूर कागदावर हाताने लिहा किंवा छापून घ्या, तारीख टाका, सही करा, स्कॅन करा, आणि सगळी कागदं एका पीडीएफमध्ये जोडा. मोबाइलने वेगवेगळे सात फोटो काढून पाठवले तर प्रिंट काढताना एखादा हमखास राहतो. फाइलला नाव पण नीट द्या, स्कॅन००१ नको, 'दाखला अर्ज' आणि पुढे तुमचं नाव.

टायपिंग मोबाइलवर मराठी कीबोर्डने केलं तर अक्षरं युनिकोडमध्येच येतात, तिकडे जशीच्या तशी दिसतात. घोळ होतो तो झेरॉक्सच्या दुकानात कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप करून घेतलेला मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला की, ज्यांच्याकडे तो फाँट नाही त्यांना नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात आणि बिचाऱ्यांना वाटतं हा स्पॅम आहे. दुकानातून टाइप करून घेतलं तर पीडीएफच मागून घ्या. शंका असेल तर आधी मेल स्वतःलाच पाठवा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. 'मुख्यध्यापक', 'माननिय', 'तहसिलदार' अशा चुका पण तेव्हाच सापडतात, मुख्याध्यापक, माननीय, तहसीलदार असं हवं, ज्याला मेल लिहितोय त्याचं पदच चुकलं तर फार वाईट दिसतं.

राहिला पंचायत समितीचा प्रश्न. तुमची शाळा दहावीपर्यंतची असेल तर ती माध्यमिक, आणि माध्यमिक शाळेसाठी लिहायचं ते शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, जळगाव यांना. पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी हे मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचं बघतात, ज्यांना चौथी-सातवीचा दाखला हवाय त्यांनी तिकडे लिहावं. पण लगेच वर जायची घाई करू नका. आधीचा इंग्रजी मेल कुणी उघडला तरी का, ते सुद्धा आपल्याला माहीत नाही. त्यात आयडी बरोबर होता का ते बघा, नेटवर सापडलेला आयडी बंद पडलेला असू शकतो, मित्राला फोन करणारच आहात तर तेच विचारून घ्या. एकाच नावाची दोन-तीन गावं असतात आपल्याकडे, म्हणून तालुका लिहायलाच हवा, आणि शाळेचा अकरा आकडी यूडायस नंबर मिळाला तर तोही टाका, वरच्या ऑफिसला लिहिताना त्याने शाळा लगेच सापडते.

मेल पाठवून पंधरा दिवस झाले तरी काही नाही असं झालं तर स्मरणपत्र पाठवा, नवा मेल नाही, त्याच मेलवर. विषयाच्या आधी 'स्मरणपत्र १' लिहा, खाली 'संदर्भ : माझा दि. (…) रोजीचा ई-मेल' अशी ओळ टाका. आणि इथेच आदर सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो, कारण आपण वैतागलेलो असतो. 'तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही' असं लिहिलं की बोट समोरच्याकडे जातं. तीच गोष्ट 'संदर्भीय ई-मेलचे उत्तर अद्याप मिळालेले नाही' अशी लिहिली की तक्रार तीच राहते, तारखेसकट, पण कुणावर आरोप होत नाही. पुढे 'दाखल्याच्या अभावी नोकरीची कागदपत्रे अपूर्ण आहेत, तरी लवकर कार्यवाही व्हावी, ही विनंती' एवढं पुरे. 'कारवाई' लिहू नका हं, ती शिक्षेची असते, आपल्याला हवी ती कार्यवाही.

त्यानेही काही झालं नाही तरच शिक्षणाधिकाऱ्यांना. तिथे 'मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, जळगाव', महोदय/महोदया, विषयात शाळेचं नाव, आणि संदर्भात तुमच्या दोन्ही मेलच्या तारखा ओळीने. मजकुरात शाळेची निंदा नको, 'दि. अमुक आणि दि. तमुक रोजी विनंती केली असून दाखला अद्याप मिळालेला नाही, तरी शाळेस योग्य त्या सूचना व्हाव्यात, ही विनंती.' खाली 'प्रत : मा. मुख्याध्यापक, (शाळा), माहितीस्तव' असं लिहून शाळेचा आयडी सीसीत ठेवा, म्हणजे पाठीमागे तक्रार केली असं होत नाही. पहिल्याच मेलला जिल्हाधिकारी आणि मंत्री सगळ्यांना सीसी करणारे असतात, त्याने काम लवकर होत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर मित्राचं मन दुखावेल ते वेगळंच.

खाली 'आपली विश्वासू' लिहा. 'आपली आज्ञाधारक' हे शिकत असलेल्या मुलीने स्वतःच्या शाळेला लिहायचं, तुम्ही आता माजी आहात. अधिकाऱ्यांना लिहिताना नुसतं 'अर्जदार' पण चालतं.

मित्राला फोन शनिवारी करायचा असेल तर दुपारच्या आत करा, बऱ्याच शाळा त्या दिवशी सकाळच्या असतात, आणि तेव्हाच प्रतिज्ञापत्र लागतं का ते विचारून ठेवा.